नाणं, शेत आणि ओसाड गाव: सहावीच्या इतिहासाच्या प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीनंतर सहावीला सातवाहन घ्यायचे आहेत. ‘गौतमीपुत्र सातकर्णीने शक राजा नहपानाचा पराभव केला’ हे वाक्य मुलं दरवर्षी पाठ करतात, पेपरात लिहितात आणि मार्क मिळवतात. ते वाक्य कशाच्या आधारावर उभं आहे, हे मात्र त्यांना कुणी विचारत नाही. नाशिकच्या मुलांच्या बाबतीत ही गोष्ट मला फार लागते, कारण त्या वाक्याचा निम्मा आधार पांडवलेण्यांच्या भिंतींवर कोरलेला आहे आणि उरलेला निम्मा आपल्याच जिल्ह्यातल्या जोगलटेंभीत जमिनीतून निघाला. वर्गातल्या बहुतेक मुलांनी लेणी पाहिली आहेत. तिथली अक्षरं एकानेही पाहिलेली नाहीत.

चित्रकलेच्या मॅडमशी बोलून ठरवलं की इतिहासाच्या तासाला चित्रकलेचा तास जोडून घ्यायचा. संपूर्ण घराणं शिकवायचं नाही. एकच घटना, नहपानाकडून सातकर्णीकडे झालेलं सत्तांतर, आणि तिचे पुरावे. मांडणी पिंगुळीच्या चित्रकथीसारखी: सुटी पानं, दोन पानं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, सगळी मिळून एक पोथी. सांगणारा एकेक पान समोर धरतो आणि कथा सांगत जातो. ही मांडणी निवडण्यामागे कारण आहे. या पद्धतीत चित्र आणि वाक्य एकाच वेळी लोकांपुढे येतात, त्यामुळे तोंडाने एक आणि चित्रात दुसरंच, असं झालं तर ते लगेच उघडं पडतं.

१२ नोव्हेंबर

आज मुद्दाम काहीच शिकवलं नाही. पुस्तकातला परिच्छेद वाचून दाखवला आणि म्हटलं, जे डोळ्यांसमोर येतं ते काढा.

जवळजवळ सगळ्यांनी लढाई काढली. मालिकांमधली चिलखतं, भगवे झेंडे, बुरुजांचे किल्ले, एकाने तर तोफही. चित्रं जीव ओतून काढलेली होती. एका मुलाने घोड्याचे चारही पाय इतके छान पळवले होते की मॅडमनी ते चित्र सगळ्या वर्गाला दाखवलं. मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, “हे कशावरून?” उत्तरं आली: “सर, राजे असेच असतात ना.” “टीव्हीवर बघितलंय.” “लढाई म्हटल्यावर तलवार पाहिजेच.”

ही पहिली चित्रं मागे तारीख घालून कपाटात ठेवली आहेत. शेवटी मुलांना परत द्यायची आहेत.

१५ नोव्हेंबर

शनिवारची सकाळची शाळा लेण्यांवर नेली. डोंगराचं शिलालेखातलं नाव त्रिरश्मी. वर जाताना थांबलो नाही, कारण मुलं दमून पोहोचली की पहिली दहा मिनिटं फक्त पाणी आणि फोटोत जातात. दोनच लेणी पाहायची, असं आधीच सांगून ठेवलं होतं: १० क्रमांकाचं, ज्याला नहपान विहार म्हणतात, आणि ३ क्रमांकाचं, गौतमीपुत्र विहार.

दोन्हीकडे लेख ओसरीत आहेत, वर छताच्या अंगाला. समोरून पाहिलं तर भिंत नुसती खरबरीत दिसते. बाजूने तिरका उजेड पडला की अक्षरांच्या खाचांत सावली भरते आणि ओळी उठून दिसतात. मुलांना हात लावू दिला नाही. कागद ठेवून पेन्सिल घासण्याचा मोह इथे फार होतो. संरक्षित स्मारकावर तसं काही करायचं नाही, हे खाली पायथ्यालाच बजावलं होतं. प्रत्येकाने एक अक्षर निवडून ते नुसतं पाहून वहीत काढलं. ब्राह्मीतला ‘क’ अधिकच्या चिन्हासारखा असल्यामुळे तो सगळ्यांना सापडला आणि मग सगळा वर्ग ‘क’ मोजत सुटला.

दुसरं काम वेशभूषेचं. दोन्ही लेण्यांच्या खांबांवर प्राणी आणि त्यांच्यावर बसलेले स्वार कोरले आहेत. अंगावर काय आहे, डोक्याला काय बांधलंय, पाय उघडे आहेत की झाकलेले, एवढंच टिपायचं. तोफवाला मुलगा तिथेच म्हणाला, “सर, यांच्या अंगात चिलखत नाही.” मी हो किंवा नाही म्हटलं नाही, वहीत लिहून ठेव म्हटलं. खांबावरचा स्वार म्हणजे रणांगणावरचा सैनिक नव्हे, ही शंका त्याच्या मनात पुढे आपोआप यायला हवी.

१८ नोव्हेंबर

लेखांचा साध्या मराठीतला सारांश मी चार पट्ट्यांवर लिहून दिला. शब्दशः भाषांतर सहावीला झेपत नाही, पण सारांशात माझं एकही विशेषण शिरणार नाही याची काळजी घेतली.

पहिली पट्टी, लेणं १०: नहपानाचा जावई उषवदात सांगतो की त्याने हे लेणं दिलं. त्याने ३००० कार्षापणं, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेण्यांकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, कायमची ठेवली. मुद्दल काढायचं नाही, व्याज भिक्षूंना द्यायचं.

दुसरी, लेणं ३, राज्यवर्ष १८: गौतमीपुत्र सातकर्णी लष्करी तळावरून गोवर्धनच्या अमात्याला आज्ञा करतो. उषवदाताने उपभोगलेलं २०० निवर्तनं शेत आता या डोंगरावरच्या भिक्षूंना दिलं आहे. निवर्तन हे जमिनीचं जुनं माप.

तिसरी, तिथलीच, राज्यवर्ष २४: राजा आणि राजमाता यांच्या नावे आज्ञा. आधी दिलेलं शेत कसलं जात नाही, ते गावही वसलेलं नाही. म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरच्या राजाच्या शेतातून १०० निवर्तनं द्यावीत.

चौथी, लेणं ३, सातकर्णीचा मुलगा पुळुमावी याचं राज्यवर्ष १९: सातकर्णीची आई गौतमी बलश्री लेणं दान करते आणि गेलेल्या मुलाचं वर्णन करते. त्याने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश निःशेष केला, त्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं.

गोवर्धन हा शब्द वाचताच मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ती गंगापूरच्या बाजूच्या गोवर्धन गावातून शाळेत येते. “सर, हे आमचं गोवर्धन?” त्या काळी गोवर्धन हे या भागाच्या कारभाराचं ठिकाण होतं आणि नाव आजवर टिकलं आहे, एवढं मी सांगितलं. विणकरांचं पान तिने तिथल्या तिथे मागून घेतलं.

मग विचारलं, या चार पट्ट्यांत लढाई कुठे आहे ते शोधा. वर्गाने दोनदा वाचलं. रणांगण नाही, हत्ती-घोडे नाहीत, कोण कुठे कसा हरला ते नाही. “वंश निःशेष केला” एवढंच, आणि तेसुद्धा आईने मुलाबद्दल, त्याच्या मृत्यूनंतर. मुलं खरोखर नाराज झाली. मला या नाराजीतच धडा सुरू होताना दिसतो.

२१ नोव्हेंबर

चित्राचा नियम आज ठरला. लेखात किंवा वस्तूत जे आहे ते काळ्या शाईने. ‘असं असावं’ असा आपला तर्क दुसऱ्या पद्धतीने. प्रत्येक तर्काला “कशावरून?” या प्रश्नाचं एका वाक्यात उत्तर असलं पाहिजे, आणि ते पानाच्या मागे लिहायचं.

तर्कासाठी आधी पेन्सिल वापरून पाहिली. पाव शीटवरचं चित्र शेवटच्या बाकावरून पाहिलं तेव्हा पेन्सिलीचा भाग दिसेचना, म्हणजे कथा ऐकणाऱ्याला फक्त पुरावाच दिसला असता आणि तर्क सांगणाऱ्याच्या तोंडातून गुपचूप निसटला असता. मॅडमनी काव सुचवली. गेरूची भुकटी पाण्यात कालवून थोडा डिंक घातला की ब्रशने सरळ लावता येते, लांबून उठून दिसते आणि शाईशी तिची गल्लत होत नाही. डिंक कमी पडला तर वाळल्यावर काव हाताला लागते आणि शेजारचं पान खराब करते. चमचाभर भुकटीला अर्धा चमचा दाट डिंकाचं पाणी, हे प्रमाण आमच्याकडे जमलं.

तिसराही प्रश्न निघाला. एका गटाने विणकराचा मुलगा असं एक पात्र तयार केलं होतं. तो पुराव्यातही नाही, तर्कातही नाही. ती शुद्ध कल्पना. त्याला काढून टाकायला मुलं तयार नव्हती आणि मलाही ते नको होतं, कारण कथेला कुणीतरी बोलणारा लागतोच. मॅडमनी प्रत्येक पानाला चार बोटं रुंद समास आखायला लावला. कल्पनेतलं पात्र समासात उभं राहील, तिथून चित्राकडे बोट दाखवेल, प्रश्न विचारेल, पण चौकटीच्या आत पाय टाकणार नाही. वर्गाने हा नियम चटकन उचलला. आता तो मुलगा सगळ्या पानांचा सूत्रधार झाला आहे.

२४ नोव्हेंबर

विणकरांचं पान. इथे गणिताचे सर तास सोडायला तयार झाले याचा आनंद आहे.

लेखात व्याजाचा दर दिला आहे: एका श्रेणीकडे २००० कार्षापणं, दरमहा शेकडा एक. दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण. पहिल्या रकमेच्या व्याजातून २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापणं चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, द्यायची. मुलांना विचारलं, हिशोब बसतो का पाहा. २००० चा शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०, भागिले २० भिक्षू, प्रत्येकी १२. चोख बसला. फळ्यावर उत्तर आलं तेव्हा वर्गात जो आवाज झाला, तो इतिहासाच्या तासाला मी क्वचित ऐकतो. दगडावरचा आकडा आपण स्वतः तपासला आणि तो खरा निघाला, ही गोष्ट सांगून कळणारी नाही.

चित्रात मात्र एवढे आकडे काढायचे कसे? गोवर्धनच्या मुलीच्या गटाने चीवरांच्या घड्या काढल्या, मोजून २०, आणि प्रत्येक घडीवर १२ ठिपके. हे सगळं शाईने. माग कावेत, कारण विणकर आहेत म्हणजे माग असणार, पण तो कसा दिसत होता हे लेख सांगत नाही. मागे तिने कारण लिहिलं: “विणकरांची श्रेणी होती, म्हणून.” पुरे झालं.

एका गटाने भिक्षूंचे चेहरे शाईने काढले. हा नेहमी होणारा गोंधळ आहे. लेखात भिक्षू आहेत, म्हणून भिक्षू शाईने, इथपर्यंत बरोबर. पण नाक, डोळे, वय आपलं. अशी जागा ओळखायची खूण सापडली: मुलाला चित्रातल्या एका रेषेवर बोट ठेवायला लावायचं आणि पट्टीवरचा तिचा शब्द दाखवायला सांगायचं. शब्द सापडला नाही तर रेष कावेची. एकदा हे कळल्यावर मुलं एकमेकांची पानं तपासू लागली, माझी गरज उरली नाही.

२८ नोव्हेंबर

शेत आणि गाव. मला या प्रकल्पात सर्वांत महत्त्वाची वाटणारी दोन पानं आज झाली.

वर्ष १८ ची पट्टी पुन्हा वाचली. शेत कोणाचं होतं? उषवदाताचं. आता देतोय कोण? सातकर्णी. “मग मधे काय झालं?” असं समासातल्या सूत्रधाराकडून विचारून घेतलं. वर्ग थोडा वेळ गप्प होता. मग एक मुलगा म्हणाला, “ज्याची जमीन तो देतो. यानं दिली म्हणजे याची झाली.” नहपान हरला असं त्या ओळीत कुठेच लिहिलेलं नाही, पण त्याच्या जावयाची जमीन दुसरा राजा वाटतो आहे आणि तीही लष्करी तळावरून. लढाईचं चित्र काढायला निघालेला वर्ग पहिल्यांदा लढाईपर्यंत पोहोचला, आणि तोही शेताच्या बांधावरून.

चित्र साधं ठरलं. एक शेत, शाईने. एका बाजूला पाठमोरा जाणारा माणूस, दुसऱ्या बाजूला आज्ञा वाचणारा अमात्य. पाठमोरा माणूस कावेत, कारण उषवदाताचं पुढे काय झालं ते लेख सांगत नाही.

मग वर्ष २४. सहा वर्षांनी तेच शेत पडीक आहे आणि गाव ओसाड. का? इथे मी काहीच सुचवलं नाही. कारणं आली: लढाईत लोक पळाले. पाऊस पडला नाही. शेत आधीपासूनच वाईट होतं, म्हणून दान केलं. कसणारे लोक उषवदाताचे होते, ते त्याच्याबरोबर गेले. रोगराई. प्रत्येक कारणाला “कशावरून?” लावलं. लढाईला थोडा आधार मिळतो, कारण सहा वर्षांपूर्वीच्या आज्ञेत लष्करी तळ आहे. बाकीच्यांना पट्टीत आधार नाही, पण खोडून काढायलाही काही नाही. ओसाड गाव शाईने आणि गाव सोडणारे लोक कावेत, असं चित्र झालं. एका गटाने लोकांऐवजी फक्त कोरडी विहीर काढली, कावेत. दोन्ही पानं पोथीत ठेवली आहेत, पाठीला पाठ लावून. एकाच शाईच्या ओळीचे दोन तर्क.

शेवटी एका मुलीने विचारलं, “आधी २०० दिली होती, आता १०० च? भिक्षूंचं नुकसान नाही झालं?” नगराजवळची कसलेली १०० आणि दूरची पडीक २०० यांत जास्त पिकणार कुठे, असा उलट प्रश्न दुसऱ्याने केला. तिच्या घरी शेती आहे. “जवळची बरी,” ती म्हणाली, “राखण करता येते.” हे कावेत लिहून घेतलं.

२ डिसेंबर

नाण्याचा दिवस. १९०६ मध्ये जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त. सगळी नहपानाची. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. नहपानाच्या नाण्यावर उजवीकडे तोंड केलेला राजाचा चेहरा असतो, मागे बाण आणि वज्र. सातकर्णीने त्यावर कमानींचा डोंगर आणि उज्जैन चिन्ह, म्हणजे फुलीच्या चार टोकांना चार वर्तुळं, अशी उठवली.

चित्र काढण्याआधी हातांना हे कळावं म्हणून शाडूच्या चकत्या केल्या. खोडरबरावर कटरने ठसे कोरले (कटर मॅडमच्या आणि माझ्याच हातात), एकावर चेहरा, दुसऱ्यावर उज्जैन चिन्ह. ओल्या चकतीवर दुसरा ठसा मारला की पहिला साफ पुसला जातो, मग पाहण्यासारखं काही उरत नाही. चकती तासभर सावलीत सुकू दिली, बोट रुतेनासं झालं, की दुसरा ठसा वर बसतो आणि कडेला पहिल्याचं नाक, हनुवटी शिल्लक राहते. जास्त सुकली तर चिरते. अंगठ्याचं नख हलकं उमटेल इतपत ओलावा हवा.

सगळ्या चकत्या मिसळल्या आणि विचारलं, आधीचा ठसा कोणता ते मला न विचारता सांगा. मुलांनी बरोबर ओळखलं: ज्याच्या रेषा अखंड आहेत तो नंतरचा, ज्याच्या तुटल्या आहेत तो आधीचा. मग पुढचा प्रश्न त्यांच्यातूनच आला, तो मी इथे मुद्दाम नोंदवतो. “सर, समजा नहपान जिंकला असता, तर उलटं दिसलं असतं ना? सातकर्णीच्या नाण्यावर नहपानाचा चेहरा?” हो. म्हणून हे नाणं आईच्या शब्दांपेक्षा वेगळ्या जातीचा पुरावा आहे. बलश्रीला मुलाचं कौतुक करायचं होतं. नाण्यावर राजाचं नाव हवं, म्हणून ठसा मारला. पण खालचा चेहरा उरला तो कुणी ठेवायचा म्हणून ठेवलेला नाही, ठसा नीट न बसल्यामुळे उरला.

नाणी वितळवून नवी का पाडली नाहीत? कावेतली उत्तरं: घाई होती, खर्च वाचला, लोकांना जुनं नाव खाली दबलेलं दिसावं. एक तृतीयांश तशीच का राहिली? कावेतही उत्तर आलं नाही. त्या पानाच्या समासात सूत्रधार हाताची घडी घालून उभा आहे, बोलत नाही.

५ डिसेंबर

बलश्रीचं पान. तीन समुद्रांचं पाणी पिणारे घोडे काढायला मुलांना फार आवडलं आणि त्यांना ते शाईने हवे होते, कारण “लेखात आहे”. बरोबरच आहे. पण लेखात आहे म्हणजे घडलं, असं होत नाही. वाद बराच चालला. तोडगा मुलांनी काढला: बलश्री शाईने, तिच्या तोंडातून निघालेला एक मोठा ढग शाईने, आणि घोडे, समुद्र सगळे त्या ढगाच्या आत. ‘तिने असं म्हटलं’ हा पुरावा आहे, हे इतक्या नेमकेपणाने मला शब्दांत सांगता आलं नसतं.

लढाईचं पान काढायचं का, यावर मत घेतलं. पोथीत एक कोरं पान ठेवायचं, असं ठरलं. घोड्याचे पाय छान काढणाऱ्या मुलाने विरोध केला. त्याचं म्हणणं, लढाई झाली तर असेल, मग संपूर्ण कावेत का नको? नियमाने त्याचं बरोबर होतं. त्याला पूर्ण कावेचं पान करू दिलं, मागे कारण लिहायच्या अटीवर. त्याने लिहिलं: “शेत आणि नाणी हातातून गेली, म्हणून लढाई झाली असणार. कुठे, ते माहीत नाही, म्हणून मागे डोंगर काढले नाहीत.” कोरं पान रद्द झालं.

९ डिसेंबर

सांगण्याची तालीम. चित्रात पाळलेला नियम तोंडातून सहज मोडतो. कावेचं चित्र हातात असतानाही “मग सगळे लोक घाबरून पळून गेले” असं खणखणीत वाक्य येतं. म्हणून दोन वाक्यशेवट पक्के केले: शाईसाठी “असं कोरलंय”, कावेसाठी “असं असावं”. सुरुवातीला प्रत्येक वाक्याला शेपूट लागल्याने कथा रखडली. मग शेपूट फक्त रंग बदलताना लावायचं ठरलं आणि कथा वाहू लागली. पान समोर धरणाऱ्याने बोलायचं नाही, बोट फिरवायचं, बोलणारा वेगळा. एकाच मुलाकडे दोन्ही कामं दिली तर पान त्याच्या स्वतःकडे वळतं.

१२ डिसेंबर

पाचवीच्या वर्गापुढे पोथी सांगितली. पंचवीस मिनिटं. ओसाड गावाची दोन पानं उलटसुलट दाखवली तेव्हा पाचवीतल्या एकाने विचारलं, “खरं कोणतं?” आमच्या मुलीने शांतपणे सांगितलं, “गाव रिकामं झालं ते खरं. बाकी आम्ही शोधतोय.”

१९ डिसेंबर

घटक चाचणीत एक प्रश्न मी बदलून घातला: सातकर्णीने नहपानाचा पराभव केला असं इतिहासकार कशावरून म्हणतात? बहुतेकांनी नाणी लिहिली, बऱ्याच जणांनी शेत. चित्रं सुंदर काढणारी दोन मुलं इथे अडली आणि चित्रात मागे असणारी काही जण पुढे गेली. म्हणून चित्राला मार्क द्यायचे ते रेखाटनाच्या सफाईला नाहीत, तर पानामागच्या कारणांना द्यायचे, हे मॅडमशी बोलून नक्की केलं. सफाईचे मार्क त्या चित्रकलेच्या तासाला स्वतंत्र देतील.

आणखी एक दिसलं. काही उत्तरांत “असं असावं” सगळीकडेच लागलंय, नाण्यांनासुद्धा. शंका घ्यायला शिकल्यावर ठाम बोलायची भीती बसते. जानेवारीत एक तास त्याच्यासाठी हवा: फक्त शाईची वाक्यं, शेपटाशिवाय, ठणठणीत.

पहिल्या दिवशीची लढाईची चित्रं आज परत दिली. सूचना एकच होती: आता जे पुराव्यात आहे तेवढ्यावर शाई फिरवा. तोफवाल्याने बराच वेळ चित्र पाहिलं, दोन राजांची नावं तेवढी गिरवली आणि विचारलं की पुढच्या धड्यालाही काव आणायची का. आणायची आहे. गेरूची भुकटी संपत आली आहे, मॅडमनी मेन रोडवरून अर्धा किलो आणायला सांगितली आहे.